सॅम्पलमध्ये दोन डेव्हिएशन निघाली: कंट्रोलवर विसंबायचं का, आणि सबस्टँटिव्ह काम किती वाढवायचं?

प्रश्न: वर्षभरातल्या ४,८०० खरेदी बिलांमधून ६० बिलांचं सॅम्पल घेतलं. पीओ, जीआरएन आणि बिल जुळवून मॅनेजर सिस्टिममध्ये मंजुरी देतो, तो कंट्रोल तपासत होतो. २ बिलांना मॅनेजरची मंजुरी नाही. टॉलरेबल दर ५ टक्के ठरवला होता, आमचा ३.३ टक्के आला, म्हणजे कंट्रोल पास ना? दोन्ही बिलांच्या रकमाही बरोबर आहेत. सिनियर म्हणतात, आणखी २० बिलं घे. सबस्टँटिव्ह वाढवायचं का, आणि किती?

उत्तर:

पास नाही. निदान तुम्ही लिहिलंय त्या हिशोबाने तरी नाही. पण म्हणून लगेच सगळं सबस्टँटिव्ह काम, म्हणजे रकमांची थेट तपासणी, दुप्पट करायचं असंही नाही. मधली वाट शोधायला आधी दोन गोष्टी वेगळ्या करू: हे आकडे काय सांगतात, आणि ती दोन बिलं तशी का झाली. पहिल्याचं उत्तर कागदावर मिळतं. दुसऱ्यासाठी जागेवरून उठावं लागतं.

आधी आकडे. ३.३ टक्के हा त्या ६० बिलांचा दर आहे. तुम्हाला निष्कर्ष काढायचाय ४,८०० बिलांबद्दल. तुमची ६० बिलं आली कुठून ते बघा. ९५ टक्के खात्री, ५ टक्के टॉलरेबल दर आणि सॅम्पलमध्ये एकही डेव्हिएशन निघणार नाही ही अपेक्षा, असं धरलं की आकार ५९ येतो. कारण खरा दर ५ टक्के असेल, तर ५९ बिलांत एकही न सापडण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या जरा खाली असते. म्हणजे तुमची सगळी आखणी 'शून्य निघालं तर पास' या अटीवर उभी होती. दोन निघाल्यावर ती अट मोडली. आता ३.३ आणि ५ शेजारी ठेवून तुलना करणं म्हणजे सॅम्पलिंग रिस्क शून्य धरणं.

हेच दुसऱ्या बाजूने बघा. खरा दर नेमका ५ टक्के असेल, तर ६० बिलांत दोन किंवा त्याहून कमी सापडण्याची शक्यता जवळजवळ ४२ टक्के आहे. खरा दर ८ टक्के असला तरी तसं होण्याची शक्यता १३ टक्के राहते. तेव्हा 'दोनच सापडली' यावरून 'दर ५ टक्क्यांच्या आत आहे' असं म्हणता येत नाही. तुलना करायची ती वरच्या मर्यादेशी, म्हणजे ९५ टक्के खात्री ठेवून खरा दर जास्तीत जास्त किती असू शकतो त्या आकड्याशी. तक्ता हाताशी नसेल तर स्प्रेडशीटमध्ये एवढं टाका:

```
=BETA.INV(0.95, 2+1, 60-2)
```

उत्तर १० टक्क्यांच्या किंचित वर येतं. शून्य डेव्हिएशन असती तर ४.९ आलं असतं, एक असतं तर ७.७. आता ५ शी तुलना करायची ती या १० ची. कंट्रोल चालतच नाही असं यातून सिद्ध होत नाही. तुम्ही त्यावर जितका भार टाकायचा ठरवला होता, तितका टाकायला हा पुरावा पुरत नाही, एवढंच. तुमची फर्म ९० टक्के खात्रीने काम करत असेल तर मर्यादा ८.६ येईल. निकाल तोच.

आता सिनियरांची २० बिलं. ती सगळी निर्दोष निघाली, तर ८० मध्ये २ होतील आणि वरची मर्यादा ७.७ टक्क्यांवर येईल. म्हणजे तरीही नापास. दोन डेव्हिएशन पचवून ५ टक्क्यांच्या आत यायला एकूण १२४ बिलं लागतात, म्हणजे आणखी ६४, आणि त्या ६४ मध्ये एकही डेव्हिएशन निघता कामा नये. त्यातही 'पास होईपर्यंत वाढवत जाऊ' असं केलं की ती ९५ टक्के खात्री ९५ राहत नाही. टप्प्याटप्प्याने सॅम्पल घ्यायचं असेल तर ते आधीच तसं आखावं लागतं. तेव्हा दोनचा दर पातळ करण्यासाठी म्हणून २० बिलं घेऊ नका. त्या २० बिलांचा खरा उपयोग वेगळाच आहे, त्याकडे पुढे येतो.

रकमा बरोबर आहेत हा मुद्दा क्लायंट नेहमी मांडतो, आणि ऐकायला तो पटतोही. पण तुम्ही रक्कम तपासत नव्हता, मंजुरी झाली का ते तपासत होता. मंजुरी न होता बिल गेलं आणि सुदैवाने रक्कम बरोबर निघाली, तरी कंट्रोल त्या बिलावर चाललेलाच नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे: ३.३ टक्के डेव्हिएशन म्हणजे खरेदीत ३.३ टक्के चूक आहे असंही नाही. बहुतेक डेव्हिएशनमागे रकमेची चूक नसते. म्हणून वर्किंग पेपरमध्ये हे दोन निष्कर्ष वेगळ्या ओळींत लिहा: मंजुरीबद्दल एक, रकमेबद्दल दुसरा. एकाने दुसऱ्याला खोडू नका.

आता त्या दोन बिलांकडे. ती कोणत्या महिन्यातली, कोणी पोस्ट केली, कोणत्या व्हेंडरची, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि पुढचं जवळजवळ सगळं त्यावरच अवलंबून आहे. आयएसए ३३० आणि आयएसए ५३० ही ऑडिटची दोन्ही आंतरराष्ट्रीय मानकं डेव्हिएशन सापडल्यावर हेच करायला सांगतात: चौकशी करा, स्वरूप आणि कारण समजून घ्या, आणि मग ठरवा. एका उत्पादक कंपनीच्या ऑडिटमधलं उदाहरण देतो. आकडे सोयीसाठी तुमच्या आकड्यांना जुळवून घेतलेत.

दोन्ही बिलं वर्षाच्या अकराव्या महिन्यातली होती. अकाउंट्सचं म्हणणं होतं, "साहेब रजेवर होते, एकदाच झालंय, एरवी असं होत नाही." आयएसए ५३० मध्ये 'अनॉमली' म्हणून एखादी गोष्ट बाजूला काढायची सोय आहे, पण ती अत्यंत दुर्मिळ परिस्थितीसाठी, आणि ती गोष्ट बाकी पॉप्युलेशनचं प्रतिनिधित्व करत नाही याची मोठी खात्री पटल्यावरच. मॅनेजर रजेवर जाणं यात दुर्मिळ काही नाही. सगळेच रजा घेतात. म्हणून अनॉमलीचा रस्ता बंद. पण कारण जर खरोखर एका ठरावीक काळापुरतं असेल, तर त्या काळाचं वेगळं पॉप्युलेशन करून बाकीच्या वर्षाचा वेगळा विचार करता येतो.

इथे सांभाळायचं एकच. तो काळ तुमच्या दोन डेव्हिएशनच्या तारखांवरून ठरवायचा नाही, नाहीतर ती दोन बिलं जिथे पडली तिथे कुंपण घातल्यासारखं होईल. हद्द बाहेरच्या पुराव्यावरून यायला हवी. आम्ही एचआरकडून रजेची नोंद घेतली आणि आयटीकडून सिस्टिमचा युजर-राइट्सचा लॉग मागवला. दोन्ही शेजारी ठेवल्यावर गोष्ट उलगडली. मॅनेजर तीन आठवडे रजेवर होते. त्यांच्या जागी मंजुरी कोणी द्यायची याचं पत्र निघालं होतं, पण सिस्टिममध्ये तात्पुरता अधिकार दिला गेला तो बिलं पोस्ट करणाऱ्या क्लार्कलाच. मॅनेजर परत आल्यावर तो अधिकार काढून घ्यायला आणखी नऊ दिवस गेले. आमचं पहिलं बिल रजेच्या काळातलं होतं, दुसरं मॅनेजर परत आल्यानंतरचं. रजेच्या तारखांना हद्द मानलं असतं तर दुसरं बिल 'बाकीच्या वर्षात' पडलं असतं आणि सगळा हिशोब बिघडला असता. खरी हद्द होती अधिकार दिल्यापासून काढून घेईपर्यंतची, आणि लॉगमध्ये तिच्या दोन्ही टोकांना तारीख-वेळ होती.

त्या काळात ३२० बिलं पोस्ट झाली होती. सॅम्पलमधली त्यातली बिलं चार, आणि डेव्हिएशन त्या चारांतली दोन. उरलेल्या वर्षातली ५६ बिलं होती, एकातही डेव्हिएशन नाही. ५६ मध्ये शून्य म्हणजे वरची मर्यादा ५.२ टक्के, जवळजवळ आपल्या ५ वर. आणखी तीन बिलं घेतली तर गणित बसतं. पण तीनवर मी थांबत नाही. ही विभागणी आपण निकाल पाहिल्यावर केलीये, त्यामुळे जुन्याच ५६ बिलांवर सगळी भिस्त ठेवणं बरोबर नाही. बाकीच्या वर्षातून नवी, रँडम २० ते २५ बिलं घ्यायची. त्याशिवाय काही मुद्दाम त्या काळाच्या अगदी आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यांतली घ्या, म्हणजे हद्द खरी आहे का तेही कळतं. मुद्दाम निवडलेली ही बिलं दराच्या हिशोबात मात्र धरायची नाहीत.

सिनियरांच्या २० बिलांचं काम हे आहे. दोन डेव्हिएशन विरघळवायला नव्हे, तर 'कारण त्या काळापुरतंच होतं' हे म्हणणं टिकतं का ते पाहायला. त्यात एक जरी डेव्हिएशन निघालं, तर विभागणीचा आधारच गेला. मग पूर्ण वर्षाला एकच निकाल लावायचा, आणि तो नापास.

त्याआधी एक तपासणी राहते, तीही सोडू नका: वर्षात असा तात्पुरता अधिकार आणखी कधी दिला गेला होता का? लॉग पूर्ण वर्षाचा मागवा. अकराव्या महिन्यातला तुकडा पुरत नाही.

तुमच्या दोन बिलांची कारणं वेगवेगळी निघाली तर? एक रजेच्या काळातलं, आणि दुसरं एरवीच मंजुरीशिवाय गेलेलं, कोणालाच कारण सांगता येत नाही असं. मग बाकीच्या वर्षात ५६ मध्ये १ होतं, वरची मर्यादा ८ टक्क्यांच्या वर जाते, आणि विभागणीने काही हाती लागत नाही. आणि दोनपैकी एखादं जाणूनबुजून टाळलेलं निघालं, म्हणजे कोणीतरी ठरवून मंजुरी चुकवली असेल, तर टक्केवारीचा विषयच संपतो. तिथे एकच बिल पुरेसं असतं. ते फ्रॉड रिस्क म्हणून मॅनेजर-पार्टनरपर्यंत त्याच दिवशी गेलं पाहिजे. (मंजुरी माणूस देत नसून सिस्टिमच अडवत असेल, तर तिथेही दराला अर्थ नसतो. ऑटोमेटेड कंट्रोल एका बिलावर चुकला, तर सेटिंग कधी बदललं ते शोधायचं.)

पर्यायी कंट्रोल आहे का, हेही विचारा, पण उत्तर तपासूनच घ्या. त्या कंपनीत दर महिन्याला व्हेंडर स्टेटमेंटशी खातं जुळवलं जात होतं, आणि क्लायंटचं म्हणणं होतं की त्यात सगळं पकडलं जातं. जास्तीचं किंवा दुबार बिल त्यात पकडलं जाईल, हे खरं. पण व्हेंडरने बिल पाठवलंय आणि माल आलेलाच नाही, तर दोन्हींकडची खाती अगदी छान जुळतील. मंजुरीचा कंट्रोल जे अडवत होता, त्यातला निम्मा भाग या रिकन्सिलिएशनला दिसतच नाही.

आता 'किती वाढवायचं'. आकडे धरू: वर्षाची खरेदी २४ कोटी, टॉलरेबल मिसस्टेटमेंट ६० लाख, म्हणजे प्रमाण ४० पट. एकूण ऑडिट रिस्क ५ टक्के आणि अंगभूत जोखीम पूर्ण धरली, आणि कंट्रोलवर चांगला भरवसा ठेवून कंट्रोल रिस्क ३० टक्के लावली, तर सबस्टँटिव्ह चाचणीला साधारण १७ टक्के चुकण्याची मुभा मिळते. रकमेनुसार सॅम्पल घेण्याच्या पद्धतीत त्याचा फॅक्टर १.७९, त्याला त्या ४० ने गुणलं की ७२ बिलं. हा तुमचा मूळ प्लॅन असेल असं धरू.

विभागणी टिकली नाही, तर कंट्रोल रिस्क वर न्यावी लागेल. ती कुठपर्यंत, हे फर्मच्या पद्धतीवर आहे. वरची मर्यादा १० टक्क्यांच्या आसपास असेल तर मी कंट्रोल पूर्ण सोडून देत नाही, मध्यम धरतो. ५० टक्के धरली तर मुभा १० टक्क्यांवर येते, फॅक्टर २.३१ आणि बिलं ९३. कंट्रोल पूर्ण सोडला तर फॅक्टर ३ आणि बिलं १२०. बहुतेक लोक इथे घाबरतात की काम कैक पटींनी वाढेल. कंट्रोल अजिबात न मानताही ते ७२ वरून १२० वर जातं. एवढ्यासाठी आणखी ६४ कंट्रोल टेस्ट करत बसायचं का, हा हिशोब आधी मांडा. अनेकदा सरळ सबस्टँटिव्ह वाढवणं स्वस्त पडतं आणि पुरावाही थेट मिळतो.

विभागणी टिकली, तर बाकीच्या २२ कोटी ४० लाखांसाठी मूळ प्लॅन तसाच राहतो, ६७ च्या आसपास बिलं. उरतात ती ३२० बिलं, सुमारे १ कोटी ६० लाखांची. ही रक्कम आपल्या ६० लाखांपेक्षा मोठी आहे, म्हणून सोडता येत नाही. त्या काळात सगळी मिळून १० लाखांचीच बिलं असती, तर माझं उत्तर बरंच सौम्य असतं.

आता गंमत बघा. या १ कोटी ६० लाखांना कंट्रोल शून्य धरून तेच सूत्र लावलं, तर उत्तर येतं ८ बिलं. जिथे कंट्रोल नव्हता हे आपल्याला ठाऊक आहे, तिथे आठ बिलं पाहून फाइल बंद करायची? सूत्र चुकलेलं नाही. ते जोखीम सगळीकडे सारखी पसरलेली धरतं, आणि इथे जोखीम एका माणसाच्या हातात एकवटली होती: तोच पोस्ट करणारा, तोच मंजूर करणारा. इथे सॅम्पलचा आकार वाढवण्यापेक्षा चाचणीचं स्वरूप बदलणं महत्त्वाचं.

आम्ही आधी ३२० च्या ३२० बिलांचा डेटा चाळला: एकाच नंबरची किंवा एकाच रकमेची दुबार बिलं, त्या काळात नव्याने उघडलेले व्हेंडर, बँक खात्याचा तपशील बदललेले व्हेंडर, आणि मंजुरीच्या मर्यादेच्या जरा खाली तोडून लावलेली बिलं. मग मोठी बिलं सगळी घेतली आणि उरलेल्यांतून २५ रँडम. मोठ्यांतच दोन तृतीयांशाहून जास्त रक्कम आली. व्हाउचिंग करताना पुरावाही बदलला. एरवी आपण जीआरएनवर समाधान मानतो. पण सिस्टिममधला जीआरएन त्याच क्लार्कला दिसत होता आणि काही ठिकाणी त्याला तो दुरुस्तही करता येत होता. म्हणून सुरक्षा रक्षकांचं गेट रजिस्टर, वाहतूकदाराची पावती आणि गोदामातली आवक नोंद घेतली, म्हणजे क्लार्कचा हात न लागलेले कागद. मोठ्या व्हेंडरांची स्टेटमेंट क्लायंटमार्फत न घेता थेट आमच्याकडे मागवली. पुढच्या दोन महिन्यांत आलेल्या क्रेडिट नोटाही पाहिल्या, कारण चुकलेलं बिल बरेचदा तिथे उघडं पडतं.

वाढवायचं ते नेमकं कशासाठी, हेही ठरवा. मंजुरी न होता बिल गेलं, तर धोका आहे न झालेली किंवा चुकीच्या रकमेची खरेदी दाखवली जाण्याचा. खरेदी दाखवायची राहून जाण्याचा धोका या डेव्हिएशनने फारसा वाढत नाही. म्हणून अनोंदित देण्यांची चाचणी केवळ या कारणाने वाढवायची गरज नाही. ती आधीच्या प्लॅनप्रमाणे करा. तुमचं काही काम वर्षअखेरीआधीच्या इंटरिम तारखेला आखलेलं असेल, तर वेळ मात्र बदलावी लागेल. हा काळ अकराव्या महिन्यात आहे, त्यामुळे नवव्या महिन्याअखेर केलेली बॅलन्स कन्फर्मेशन त्याच्याबद्दल काहीच सांगत नाही. ती वर्षअखेरीला घ्या.

वर्किंग पेपरमध्ये 'डेव्हिएशन इम्मटेरियल' असं दोन शब्दांत लिहू नका. दर, वरची मर्यादा, कारण आणि त्याचा पुरावा, हद्द कशावरून ठरवली, जोखमीचं मूल्यमापन कसं बदललं आणि त्यामुळे कोणती चाचणी किती आणि का बदलली, हे सलग वाचता आलं पाहिजे. रिव्ह्यू करणाऱ्याला दोन डेव्हिएशनपासून त्या २५ बिलांपर्यंत न अडखळता जाता यायला हवं. सॅम्पलमधलं एखादं बिल क्लायंटला सापडलंच नाही, तर त्याच्या जागी दुसरं घेऊ नका. पर्यायी पुरावा नसेल तर तेही डेव्हिएशन धरा. रीतसर रद्द झालेलं बिल मात्र बदलता येतं.

शेवटची दोन कामं. हाच मंजुरीचा कंट्रोल इतर कुठे आधार म्हणून वापरलाय का ते फाइलमध्ये शोधा. मालसाठ्याच्या किमतीच्या चाचणीत तो हमखास असतो, आणि तिथला प्लॅन बदलायला लोक विसरतात. दुसरं, क्लायंटला कळवणं. पोस्ट करणाऱ्यालाच मंजुरीचा अधिकार मिळतो आणि तो काढून घेतल्याची कोणी खातरजमा करत नाही, ही कमतरता आहे, मग रकमा बरोबर असोत वा नसोत. ती किती गंभीर हे त्यातून काय होऊ शकलं असतं यावरून ठरतं, आणि गंभीर ठरली तर आयएसए २६५ प्रमाणे ती संचालनाची जबाबदारी असणाऱ्यांपर्यंत लेखी जायला हवी.

तुमच्या दोन बिलांच्या तारखा, पोस्ट करणाऱ्याचा युजर आयडी एकच आहे की वेगळा, आणि वर्षभराचा राइट्सचा लॉग हे पाहून इथे लिहा. युजर आयडी खरा लिहू नका, 'एक' की 'दोन' एवढं पुरे. त्यानंतर ९३, १२० की ६७ आणि वेगळी चाचणी, हे ठरवता येईल.